वाळूवर चेंडू जमिनीवर राहत नाही

जानेवारी २०२४ मध्ये दीवच्या घोघला किनाऱ्यावर देशातली पहिली बहुक्रीडा बीच स्पर्धा झाली. तिच्यात एकंदर विजेतेपद मिळवले मध्य प्रदेशाने, म्हणजे ज्या राज्याला समुद्र नावालाही नाही त्याने. त्याच स्पर्धेत बीच फुटबॉलच्या अंतिम सामन्यात लक्षद्वीपने महाराष्ट्राला ५-४ असे हरवले. पहिल्या बातमीची चर्चा खूप झाली, पण खेळ समजून घ्यायचा तर दुसरीतला आकडा जास्त बोलका आहे. एका अंतिम सामन्यात नऊ गोल. हिरवळीवर असे झाले असते तर दोन्ही बचावफळ्यांवर टीकेची झोड उठली असती. वाळूवर मात्र तो चुरशीचा, नेहमीसारखाच सामना ठरतो. त्याच्या आदल्या वर्षी सुरतच्या डुमस किनाऱ्यावर पहिली राष्ट्रीय बीच फुटबॉल स्पर्धा झाली होती. तिथे केरळने अंतिम सामन्यात पंजाबवर तेरा गोल चढवले आणि चार खाल्ले.

इतके गोल का होतात? मैदान लहान आहे, खेळाडू कमी आहेत, हे उत्तर चटकन सुचते आणि ते खोटेही नाही. पण मग पाच-पाच जणांचा फुटसाल हॉलमध्येही खेळला जातो आणि तिथला चेंडू बहुतेक वेळ जमिनीला चिकटून असतो. तिथे कोणी घडीघडीला हवेत उलटे होऊन किक मारत नाही. बीच फुटबॉलचे वेगळेपण वाळूत आहे. वाळूवर चेंडू नीट घरंगळत नाही, आणि या एका गोष्टीतून बाकीचा सगळा खेळ, नियमांसकट, उलगडत जातो.

हिरवळीवर पंधरा मीटरचा पास द्यायचा असेल तर पायाच्या आतल्या बाजूने चेंडू ढकलला की तो कापलेल्या गवतावरून सरळ जातो. किती जोर लावला म्हणजे किती लांब जाईल हे खेळाडूच्या पायाला सवयीने कळते. वाळूवर तोच पास तीन-चार मीटरवर मंदावतो, एखाद्या पावलाच्या खड्ड्यात अडकतो, नाहीतर उंचवट्याला लागून भलतीकडे वळतो. सामना सुरू होण्याआधी वाळू फावड्याने, फळीने सपाट करतात, पण दहा जणांच्या पावलांनी दोन मिनिटांत तिची नांगरलेल्या रानासारखी अवस्था होते. अशा पृष्ठभागावर चेंडूचा टप्पा कुठे पडेल यावर भरवसा ठेवून बचाव करणेही अवघड आणि हल्ला करणेही अवघड. मग शहाणा खेळाडू काय करतो? चेंडू जमिनीवर ठेवतच नाही. अनवाणी पायाची बोटे चेंडूखाली घालून तो उचलतो, मांडीवर झेलतो, छातीवर घेतो, आणि पास हवेतूनच देतो. चेंडूसुद्धा त्याला साजेसा असतो. आकार नेहमीचाच, पाच नंबरचा, पण वजन थोडे कमी आणि हवेचा दाब निम्म्याच्या आसपास. हिरवळीच्या चेंडूत ०.६ ते १.१ वातावरण दाब चालतो, वाळूच्या चेंडूत ०.४ ते ०.६. अनवाणी पायाने कडक चेंडू दिवसभर लाथाडला तर बोटांची काय गत होईल, हे ज्याने गल्लीत बुटाशिवाय फुटबॉल खेळला आहे त्याला सांगायला नको.

आता मैदानाचा हिशेब. वाळूचे मैदान ३५ ते ३७ मीटर लांब आणि २६ ते २८ मीटर रुंद असते. हिरवळीचे मोठ्या सामन्यांचे मैदान १०५ बाय ६८ मीटरचे. हिरवळीवर बावीस जण असूनही प्रत्येकाच्या वाट्याला तीनशे चौरस मीटरच्या वर जागा येते. वाळूवर गोलकीपर धरून एका बाजूला पाच, म्हणजे दोन्ही मिळून दहाच जण, तरी प्रत्येकाला शंभर चौरस मीटर मिळायची मारामार. म्हणजे ‘खेळाडू कमी म्हणून जागा मोकळी’ असा समज असेल तर तो उलटा आहे. इथे जागा दाटीची आहे, आणि गोल मात्र कुठूनही जवळ आहे. वाळूवरचा गोल ५.५ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच, म्हणजे हिरवळीच्या गोलच्या क्षेत्रफळाच्या साधारण दोन तृतीयांश. मैदान मात्र सातव्या हिश्श्याएवढेच. गोल थोडा लहान झाला आणि मैदान फार लहान झाले, त्यामुळे स्वतःच्या अर्ध्या भागातून मारलेला फटकाही गोलकीपरला कामाला लावतो. गोलांचा पाऊस पडायचे हे पहिले कारण.

दुसरे कारण नियमांत आहे. वाळूवरची प्रत्येक फ्री किक थेट गोलवर मारता येते, आणि समोर खेळाडूंची भिंत उभी करायला परवानगी नाही. प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात किक मिळाली तर चेंडू आणि गोल यांच्यामध्ये फक्त गोलकीपर उरतो. किक मारणारा गुडघे टेकून वाळूचा छोटा ढीग करतो, त्यावर चेंडू ठेवतो, दोन पावले मागे जातो. हिरवळीवर गोलपासून पंचवीस मीटरवर केलेला फाउल हा बचावपटूचा हिशेबी सौदा असतो. वाळूवर तोच फाउल म्हणजे अर्धी पेनल्टी देणे. त्यामुळे मुरलेला बचावपटू अंगावर जात नाही, फटक्याच्या वाटेत उभा राहतो आणि समोरच्याला चेंडू उचलायला सोयीची जागा मिळू देत नाही.

मैदानावर आखलेल्या रेषाही फार नसतात. वाळूत चुन्याच्या रेषा टिकणार कशा? बाहेरची सीमा निळ्या पट्टीने दाखवतात, आतल्या रेषा काल्पनिक असतात आणि कडेच्या झेंड्यांवरून त्या ओळखायच्या. दोन लाल झेंड्यांमधली ती मध्यरेषा. गोलपासून नऊ मीटरवरच्या दोन पिवळ्या झेंड्यांना जोडणारी रेषा म्हणजे पेनल्टी क्षेत्राची हद्द, आणि पेनल्टीही त्याच रेषेच्या मध्यावरून मारतात. प्रेक्षकाला पहिल्यांदा हे गोंधळाचे वाटते. खेळाडूंना मात्र नजरेने झेंडे जोडायची सवय होते.

आता उलट्या किककडे येऊ. लोक या खेळाकडे वळतात ते तिच्यासाठीच, आणि तिच्याबद्दलच सर्वांत मोठा गैरसमज आहे. बघणाऱ्याला ती नखऱ्याची गोष्ट वाटते, टाळ्यांसाठी केलेली. हिरवळीवर बऱ्याचदा ती तशी असतेही. वाळूवर ती गरजेपोटी येते.

एक हल्ला डोळ्यांसमोर आणा. गोलकीपरच्या हातात चेंडू आहे. त्याला चार सेकंदांत तो खेळात आणायचा आहे. जमिनीवरून पास द्यायचा तर वर पाहिले तसे वाळू तो गिळणार. म्हणून तो हाताने लांब फेकतो, प्रतिस्पर्ध्याच्या गोलपासून आठ-दहा मीटरवर उभ्या असलेल्या आपल्या आघाडीच्या खेळाडूकडे. या खेळातला गोलकीपर म्हणूनच पहिला हल्लेखोर असतो. त्याचा हात जितका अचूक तितका संघ धोकादायक. आता त्या आघाडीच्या खेळाडूची स्थिती पाहा. चेंडू आपल्याच गोलकडून येतो आहे, म्हणून त्याचे तोंड स्वतःच्या गोलकीपरकडे आणि पाठ प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडे. पाठीला एक बचावपटू चिकटलेला. चेंडू तो छातीवर घेतो. हिरवळीवर असता तर बुटाचे खिळे जमिनीत रोवून त्याने झटक्यात गिरकी घेतली असती. वाळूत पाय रोवला की रुततो, वळताना खालची वाळू सरकते, आणि गिरकीला लागणारा वेळ बचावपटूला पुरेसा होतो. वळायचे टाळून गोलकडे फटका मारायचा एकच मार्ग उरतो: पाय डोक्यावरून मागे नेणे.

किकचे टप्पे मोडून पाहिले तर ती बघायला वाटते त्याहून साधी आहे. छातीवर आलेला चेंडू थेट खाली पडू द्यायचा नाही. छाती किंचित मागे कलवून तो हलकेच वर उडवायचा, म्हणजे तो डोक्याच्या किंचित वर जाऊन खाली यायला लागेल. उजव्या पायाने मारायचे असेल तर उडी डाव्या-उजव्या क्रमाने विभागली जाते. शरीर मागे कलते, डावा गुडघा जोरात वर जातो आणि त्याच्या ओढीने कंबर वर येते. मग डावा पाय खाली यायला लागतो त्याच क्षणी उजवा पाय वर फेकला जातो. दोन पायांची ही कात्री फटक्याला वेग देते. एक वर जाताना दुसरा खाली आला नाही तर फटक्यात जोर राहत नाही. चेंडू पायाच्या वरच्या भागावर, बुटाची लेस असती त्या जागी, लागायला हवा. बोटांवर लागला तर तो उंच आभाळात जातो. नवशिक्याची किक कुठे चुकली हे चेंडूच्या वाटेवरूनच कळते: चेंडू वर गेला तर पाय उशिरा पोचला किंवा चेंडूच्या खाली लागला, समोरच्या वाळूत आपटला तर घाई झाली, आणि पाय हवेतच फिरला तर चेंडू वर उडवतानाच चूक झाली होती. शेवटची चूक सर्वांत जास्त दिसते. म्हणून अनुभवी प्रशिक्षक आधी तासन्‌तास फक्त चेंडू वर उडवायला लावतात आणि किक नंतर शिकवतात.

पडायचे कसे हाही किकचाच भाग आहे. तळवे आणि बाहू वाळूला आधी टेकवायचे, हनुवटी छातीला लावून ठेवायची म्हणजे डोके मागे आपटत नाही, आणि मग खांद्यांवर, पाठीवर भार पसरू द्यायचा. कोपर ताठ ठेवून एकाच हातावर सारे वजन घेतले तर मनगट किंवा खांदा जायबंदी होतो, वाळू असली तरी. हिरवळीवरचा फुटबॉलपटू ही किक सरावात हजार वेळा मारू शकत नाही, कारण त्याची पाठ ते सहन करणार नाही. वाळूवर खेळणारा मारू शकतो. फरक धाडसाचा नाही, सरावाच्या संख्येचा आहे. पोर्तुगालचा माजेर किंवा स्वित्झर्लंडचा देयान स्टानकोविच यांनी उलट्या किकने इतके गोल केले की ती त्यांची ओळखच बनली. (हा स्टानकोविच इंटर मिलानकडून खेळलेल्या सर्बियन खेळाडूहून वेगळा, नावसाधर्म्याने अनेकांची फसगत होते.) २००९ च्या दुबईतल्या विश्वचषकात स्वित्झर्लंडच्या स्टानकोविचने सोळा गोल केले होते.

नियमांनी या किकला कवच दिले आहे. हिरवळीवर गर्दीत पाय डोक्याएवढा वर नेला आणि जवळचा खेळाडू दचकून मागे सरला तर ‘धोकादायक खेळ’ म्हणून उलट किक मारणाऱ्याविरुद्धच निर्णय जाऊ शकतो. वाळूवर उलटी किक सुरू केलेल्या खेळाडूला अडवणे हा बचावपटूचा फाउल धरला जातो, अर्थात मारणाऱ्याने बेफिकिरीने दुसऱ्याला इजा करू नये ही अट राहतेच. म्हणजे खेळाच्या मांडणीने जी गोष्ट गरजेची केली, तिला नियमाने जागा करून दिली. ब्राझीलच्या किनाऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ ज्याच्या त्याच्या नियमांनी चालत होता. १९९२ मध्ये ते नियम एकत्र बांधले गेले आणि १९९५ मध्ये रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर पहिली जागतिक स्पर्धा झाली. हिरवळीवरून निवृत्त झालेले झिको, ज्युनियर यांच्यासारखे मोठे खेळाडू त्या काळात वाळूवर उतरले. फिफाने २००५ मध्ये स्पर्धा आपल्याकडे घेतली, आणि फिफाच्या नावाचा पहिलाच विश्वचषक यजमान ब्राझीलने नव्हे तर एरिक कांतोनाच्या मार्गदर्शनाखालच्या फ्रान्सने जिंकला. ब्राझीलची वर्षानुवर्षांची मक्तेदारी मोडायला वाळूवर फार वेळ लागत नाही, एवढे त्यातून दिसले.

शरीरावर काय गुजरते हे पाहिले की सामना छत्तीसच मिनिटांचा का, याचे उत्तर मिळते. बारा-बारा मिनिटांचे तीन भाग, आणि गोल झाला, फ्री किक मिळाली किंवा कोणी वेळ काढतो आहे असे पंचाला वाटले तर घड्याळ थांबते. बरोबरी मान्य नाही. तीन मिनिटांची जादा वेळ, आणि त्यातही निकाल नाही लागला तर पेनल्टी. साखळीत नियमित वेळेत जिंकल्यास तीन गुण, जादा वेळेत दोन, पेनल्टीवर एक.

१९९८ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी वाळूवर चालण्या-पळण्याचा खर्च मोजला. कठीण जमिनीवर ज्या वेगाने चालतो त्याच वेगाने वाळूवर चालायला २.१ ते २.७ पट ऊर्जा लागली. पळायला मात्र सुमारे १.६ पट. आकडे उलटे वाटतात, पण त्यांमागे कारण आहे. चालताना जादा खर्चाचा मोठा भाग वाळू ढकलण्यात जातो. पाय टेकला की वाळू दबते, मागे सरते, आणि त्या कामाचा काही परतावा नाही. पळताना वाळू ढकलण्याचा वाटा त्या मानाने लहान. तिथे नुकसान दुसरीकडे होते. कठीण जमिनीवर पळताना टाचेमागचा जाड स्नायुबंध प्रत्येक पावलाला ताणला जातो आणि सुटताना साठवलेली ऊर्जा परत देतो. वाळू ती ऊर्जा शोषून घेते, म्हणून पोटरीला प्रत्येक पाऊल नव्याने कमवावे लागते. उडीही याच कारणाने वाळूवर तोकडी पडते.

यातला खेळाडूच्या कामाचा मुद्दा असा की वाळूवर चालणे ही विश्रांती नव्हे. हिरवळीवर मधल्या फळीतला खेळाडू चेंडू दुसरीकडे असताना चालत दम भरून घेतो. नव्वद मिनिटांत दहा-बारा किलोमीटर अंतर कापताना त्याला अशी बरीच सवड मिळते. वाळूवर चालतानाच दम जातो, म्हणून दम घ्यायचा तर मैदानाबाहेर यावे लागते. खेळाडू किती वेळा बदलायचे याला मर्यादा नाही, सामना चालू असतानाच कितीही वेळा आत-बाहेर करता येते. खेळाडू काही मिनिटे झोकून देतो आणि बाहेर बसतो. स्पेनमधल्या संशोधकांनी सामन्यात केलेल्या मोजणीत बीच फुटबॉलपटूंनी सरासरी साडेअकराशे मीटरच्या आसपास अंतर कापले. ऐकायला क्षुल्लक, शाळेच्या मैदानाच्या तीन फेऱ्यांपेक्षा कमी. पण मैदानावर असलेल्या प्रत्येक मिनिटाला ते शंभर मीटरच्या जवळ जाते, आणि त्या वेळात हृदयाचे ठोके कमाल क्षमतेच्या ८५ टक्क्यांवर होते. लांब पल्ल्याचा धावपटू या खेळात आपोआप चमकत नाही. इथे दहा-पंधरा सेकंदांचे जोरकस स्फोट, थोडी उसंत, आणि पुन्हा तेच करण्याची ताकद लागते.

हे वाचून धाराशिवच्या वाचकाला खो-खो आठवला नसेल तरच नवल. या जिल्ह्याने देशाला खो-खोपटू दिले. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार आणि २०२० ची अर्जुन पुरस्कारविजेती सारिका काळे इथलीच. नऊ मिनिटांच्या पाळीत अचानक दिशा बदलणे, झेपावणे, पडून लगेच उठणे, हे सारे बीच फुटबॉलच्या मागणीशी जुळते. चेंडूवरचे नियंत्रण त्यांना वेगळे शिकावे लागेल हे खरे, पण शरीर तयार करण्याचा अवघड अर्धा भाग त्यांनी आधीच पार केलेला असतो. माझे मत विचाराल तर धाराशिवमध्ये बीच फुटबॉलचा संघ उभा करायचा असेल तर मुलांचा शोध फुटबॉलच्या मैदानाइतकाच खो-खोच्या मैदानावर घ्यावा.

समुद्र साडेतीनशे-चारशे किलोमीटर दूर आहे ही अडचण नाही, कारण नियमांना समुद्र नको, वाळू हवी. किमान ४० सेंटिमीटर खोल, बारीक, सपाट, खडे-शिंपले नसलेली. अडचण त्या वाळूच्या हिशेबात आहे. सर्वांत लहान मान्य मैदान ३५ बाय २६ मीटर. चारी बाजूंनी दीड मीटर मोकळी जागा धरली तर ३८ बाय २९, म्हणजे ११०२ चौरस मीटर. त्याला ०.४ मीटर खोलीने गुणले की सुमारे ४४० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. भागाकार करा: जवळपास १५६ ब्रास. तेरणेच्या किंवा सीनेच्या वाळूचा भाव ज्याने घर बांधताना विचारला आहे, त्याला पुढचे सांगायला नको. पाच ब्रासचा टिपर धरला तरी एकतीस-बत्तीस खेपा, आणि वाळूघाटांचे लिलाव, परवाने, पावत्या हे वेगळेच.

स्वस्तात काम उरकायचा मोह इथेच होतो, आणि तो दोन ठिकाणी नडतो. पहिला मोह म्हणजे खोली कमी करणे. वीस सेंटिमीटर वाळू टाकली तर फोटोत मैदान तसेच दिसते. पण जोरात पाय मारला की बोटे खालच्या कडक थराला आदळतात, आणि उलट्या किकनंतर पडणाऱ्याची पाठ त्याच थरावर येते. लोखंडी सळई मैदानात दहा-बारा जागी टोचून पाहिली की खोली लगेच कळते. मधोमध आणि दोन्ही गोलसमोर जरूर टोचावी, कारण खेळून खेळून वाळू तिथूनच कडेला सरकते. दुसरा मोह दगड भरडून केलेल्या क्रश सँडचा. ती सहज मिळते आणि बांधकामाला चांगली आहे, पण तिचे कण टोकदार असतात आणि तिच्यात दगडाची भुकटी असते. अनवाणी पाय, कोपरे, गुडघे तिच्यावर सोलून निघतात, आणि ओली होऊन वाळली की तिच्यावर पापुद्रा धरतो. नदीची वाळू घ्यावी, चाळून घ्यावी, आणि काचेच्या बाटलीत मूठभर वाळू नि पाणी घालून हलवावी. वाळू तळाशी बसल्यावरही पाणी गढूळच राहिले तर तिच्यात माती जास्त आहे.

मातीचा प्रश्न या भागात जमिनीतूनही येतो. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वाळू थेट तिच्यावर ओतली तर एका पावसाळ्यात चिखल वर चढतो, वाळू भेगांतून खाली जाते, आणि पुढच्या हंगामात मैदानावर ढेकळे दिसायला लागतात. म्हणून खाली मुरूम आणि खडीचा थर, त्यावर पाणी झिरपेल पण माती वर येणार नाही असे जाड न विणलेले कापड, आणि कडेने पाणी निघून जायला चर, एवढे आधी करावे लागते. वाळूवरचा खर्च डोळ्यांत भरतो, पण मैदान टिकते ते या खालच्या कामामुळे.

पूर्ण मैदान परवडत नसेल तर १२ बाय १० मीटरचा, ४० सेंटिमीटर खोल हौद करावा. त्याला सतरा ब्रासच्या आसपास वाळू पुरते. तीन विरुद्ध तीनचा खेळ, फ्री किक, चेंडू उचलणे, पडणे हे सारे त्यात होते. त्याहून लहान सुरुवात तर बहुतेक शाळांत आधीच आहे: लांब उडीचा खड्डा. उलटी किक शिकायला तेवढी जागा पुरते, फक्त त्याच्या सिमेंटच्या कडांपासून दूर उभे राहावे आणि आधी वाळू खोदून, भुसभुशीत करून, हाताने चाचपून काच-खडे काढावेत.

वाळूवर सांध्यांना धक्का कमी बसतो म्हणून ती ‘सुरक्षित’ समजून कोणी पहिल्याच दिवशी तासभर पळाला, तर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि तळपाय बोलू लागतात. टाच कठीण जमिनीवर पळताना जाते त्यापेक्षा खोल जाते, त्यामुळे टाचेमागचा बंध जास्त ताणला जातो. पहिले दोन आठवडे दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि सकाळी उठल्यावर पहिली पावले टाकताना टाचेमागे दुखले तर दोन दिवस थांबणे बरे. पायाची बोटे मुडपणे ही इथली नेहमीची दुखापत आहे. नियमांना बूट चालत नाहीत, पण घोट्याला आणि पायाला आधारपट्टी चालते, आणि ती वापरण्यात कमीपणा नाही. हिरवळीवरच्या खेळाडूने वाळूवर सराव करावा का, असेही विचारले जाते. दम आणि पोटरीची ताकद वाढवायला जरूर, पण सर्वोच्च वेगाचा सराव वाळूवर होत नाही, कारण त्या वेगाला पोचताच येत नाही. तो वेगळा, कठीण जमिनीवर करावा लागतो.

राहिला उन्हाचा विषय. समुद्रकिनारी खालची वाळू ओलसर असते आणि वारा असतो. मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कोरड्या वाळूचा वरचा थर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि अनवाणी पायाला फोड आणतो. खेळाआधी स्वतः अनवाणी अर्धा मिनिट तिच्यावर उभे राहून पाहावे. पाय आपोआप उचलला गेला तर त्या वेळी खेळ नाही. टँकरचे पाणी शिंपडले तर वाळू निवतेही आणि थोडी घट्टही होते, पण उन्हाळ्यात टँकर कशासाठी येतो हे या जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून इथला हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि मार्चमध्ये सकाळी नऊच्या आत.